माटोळीची रील शोधात का सापडत नाही?

चवथ जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: रीलला ढीगभर हॅशटॅग लावा, त्यात #viral हवाच, संध्याकाळी ठरावीक वेळेला टाका, मग बघा. पंचांग न उघडता काढलेला मुहूर्तच हा! अ‍ॅपच्या आतल्या शोधापुरतं बोलायचं तर या तोडग्यांमागे फारसं काही नाही.

फोंड्याच्या एखाद्या घरातली रील घ्या. गणपतीच्या वर माटोळी बांधली जातेय. नारळ, सुपारीचे घोस, रानफळं एकेक करून लटकतायत. खाली कॅप्शन आहे, ‘आमची परंपरा, आमचा अभिमान #goa #viral’. आता कुणी शोधपट्टीत ‘माटोळी’ टाइप केलं तर ही रील कशी सापडणार? ज्याचा व्हिडिओ आहे त्याचं नावच कुठे लिहिलेलं नाही.

शोधयंत्र तुमच्या प्रश्नासरशी सगळ्या रील बघायला बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते: प्रत्येक शब्द आणि त्यापुढे तो शब्द असलेल्या रीलची यादी. ‘माटोळी फोंडा’ असं शोधलं की दोन याद्या काढायच्या आणि दोन्हींत असलेल्या रील आधी विचारात घ्यायच्या.

यातली खरी गंमत शब्दांच्या वजनात आहे. केरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ साली मांडलं की शब्द जितका दुर्मीळ, तितकं शोधात त्याचं वजन जास्त असावं. समजा, एकूण १० लाख रील आहेत. त्यांतल्या ५ लाखांत ‘goa’ आहे आणि फक्त १०० रीलमध्ये ‘माटोळी’. एकूण रीलना त्या शब्दाच्या रीलनी भागायचं आणि उत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा. ‘goa’साठी भागाकार येतो २, लॉग सुमारे ०.३. ‘माटोळी’साठी भागाकार १०,०००, लॉग ४. म्हणजे तेरापट वजन. (लॉग शाळेतच सोडून आलात तर एवढंच धरा: सगळ्यांकडे असलेला शब्द कुणालाच वेगळं काढत नाही.) #viral तर जिकडेतिकडे, शिवाय माटोळी बघायची असलेला माणूस ‘viral’ शोधतो कशाला? आजची यंत्रं याहून बरीच गुंतागुंतीची आहेत, अर्थही ताडू बघतात. पण इन्स्टाग्रामनेच २०२१ साली सांगितलं होतं की शोधात सर्वांत मोठा संकेत टाइप केलेला मजकूर हाच, आणि शोधाचे शब्द कॅप्शनमध्ये लिहा, कमेंटमध्ये नको.

आता लिपीचा पेच. ‘माटोळी’ आणि ‘matoli’ आपल्याला एकच, यंत्राला मात्र या अक्षरांच्या दोन वेगळ्या साखळ्या. त्यांचं नातं ते स्वतः जोडेलच अशी खात्री धरू नये, आणि मुंबईला गेलेला गोंयकार तर बहुधा रोमनमध्येच शोधणार. म्हणून दोन्ही लिहावं, पण वाक्यात बसवून:

```
फोंड्यातल्या घरात चवथीची माटोळी कशी बांधतात?
Ganesh Chaturthi matoli, Ponda, Goa
```

शोभेची ठळक ‘𝐌’ही टाळा. ती दिसायला M असली तरी युनिकोडमध्ये U+1D40C आहे, साधी M U+004D. काही यंत्रणा तिला साधी करून घेतात, सगळ्या घेतीलच असं नाही.

पडद्यावरच्या मजकुराची गोष्ट निराळी. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये व्हिडिओवर लिहून मग चढवलात तर ती अक्षरं उरत नाहीत, ठिपके होतात. चित्रातला मजकूर वाचणारं यंत्र आधी फ्रेममध्ये अक्षरं कुठे आहेत ते हुडकतं, मग ती ओळखतं. फेसबुकने २०१८ साली ‘रोझेटा’ नावाची अशीच यंत्रणा जाहीर केली होती. देवनागरीत घात होतो तो शिरोरेघेच्या वर. माटोळीभोवतीच्या लखलखत्या दिव्यांवर पांढरी, बारीक अक्षरं टाकली की ‘टो’वरची मात्रा उजेडात विरते आणि उरतं ‘माटाळी’. त्या शब्दाच्या यादीत तुम्हाला शोधायला कोण येणार?

उपाय साधा आहे. जाड, सरळ टंक, अक्षरांमागे गडद पट्टी, आणि शब्द दोनतीन सेकंद हलू न देता ठेवायचा. नाचत येणारं एकेक अक्षर माणसालाही धड वाचता येत नाही. आपोआप येणारी सबटायटलंही एकदा वाचून काढा. मराठीत मध्येच कोकणी आली की ती भलतंच लिहून मोकळी होतात.

टाकण्याआधी तपासायचं असेल तर त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सने त्यातला मजकूर कॉपी करून बघा. अ‍ॅपचं यंत्र वेगळं असल्यामुळे ही पक्की परीक्षा नव्हे. पण लेन्सलाच ‘माटाळी’ दिसली, तर आधी मागची पट्टी गडद करा.