मेनिस्कसची संदर्भ-चिठ्ठी

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात, बोलीत ‘गुडघ्यातली गादी’. त्यांपैकी एखादी फाटल्याचा संशय आला की फॅमिली डॉक्टर अस्थिरोगतज्ज्ञाला चिठ्ठी देतो. सोलापुरात पेशंट ती घेऊन सिव्हिलच्या ऑर्थो ओपीडीत किंवा खासगी दवाखान्यात जातो. मजकूर चार-सहा ओळींचाच, पण पेशंटला लगेच बघायचे की सवडीने, हे बरेचसे त्यावर ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा २८ वर्षांचा कामगार. कबड्डीत उजवा पाय रोवलेला असताना अंग वळले आणि गुडघ्यात आतल्या बाजूला कट् आवाज झाला. तो चालत घरी गेला. गुडघा सुजला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सुजेची ही वेळ चिठ्ठीत हवीच. दोनेक तासांत गुडघा टम्म फुगला असता, तर सांध्यात रक्त साचल्याची, म्हणजे लिगामेंट तुटल्याची किंवा हाड मोडल्याची शंका आधी घ्यावी लागली असती.

चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. तिचा आशय असा: “८ दिवसांपूर्वी गुडघा पिरगळला. सूज उशिरा आली. आतल्या सांधारेषेवर दाबल्यास दुखते. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, शेवटचे साधारण २० अंश अडतात. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. मधुमेह नाही, रक्त पातळ करणारे औषध चालू नाही. गुडघा लॉक झाला आहे का, कृपया लवकर पाहावे.”

यात सगळ्यांत वजनदार वाक्य २० अंशांचे. पेशंटला उताणे झोपवून पाय सैल सोडायला सांगितले, तर डावा गुडघा खाली टेकतो आणि उजव्याखाली तळहात आरामात सरकतो. फाटलेली कूर्चा बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्यात अडकली की असे होते. दुखण्यामुळे आखडलेला गुडघाही असाच दिसू शकतो. फरक ठरवायला एमआरआय लागतो. तुकडा खरेच अडकला असेल, तर उशीर जितका जास्त तितका तो झिजतो आणि टाका घालून कूर्चा वाचवण्याची शक्यता कमी होते.

‘गुडघेदुखी, एक्स-रे नॉर्मल’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी जवळपास निरुपयोगी. मेनिस्कस एक्स-रेत दिसतच नाही! गुडघा वाकवून आणि फिरवून करतात त्या मॅकमरे चाचणीत काही सापडले नाही म्हणून कूर्चा शाबूत आहे असेही धरता येत नाही. सुजलेला गुडघा नीट वाकवताच येत नाही.

पंचावन्नच्या पेशंटची चिठ्ठी वेगळी. मार लागलेला नसतो, दुखणे हळूहळू वाढलेले असते आणि गुडघा सरळ होत असतो. या वयात न दुखणाऱ्या गुडघ्याच्या एमआरआयमध्येही फाटलेली कूर्चा अनेकदा दिसते, त्यामुळे आधी काही आठवडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतात. ते किती केले आणि उपयोग झाला का, हे अशा चिठ्ठीत लिहायचे असते.