नावे–जमा प्रत्ययांसह शिल्लक वाचन (खात्याच्या छायाचित्रावरून)

खातेवहीतील एखाद्या खात्यात प्रत्येक नोंदीनंतर जी धावती शिल्लक लिहिली जाते, तिच्या आकड्यापुढे ती शिल्लक कोणत्या बाजूची आहे हे सांगणारे `Dr` (नावे) किंवा `Cr` (जमा) असे अक्षरचिन्ह असते. खात्याच्या पानाचे छायाचित्र समोर असताना हे प्रत्यय लावून शिल्लक ओळीओळीने पडताळणे, आणि शेवटी अखेरच्या शिलकेविषयी दोन्ही पक्षांचा मेळ घालणे, या कामाला येथे शिल्लक वाचन म्हटले आहे. प्रत्यय हा आकड्याचाच भाग असतो. तो चुकीचा वाचल्यास शिलकेत पडणारी तफावत त्या शिलकेच्या दुप्पट असते.

प्रत्ययांची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, आणि वाद मुख्यतः `Dr` पुरताच आहे. ‘क्रेडिट’ आणि ‘क्रेडिटर’ या दोन्ही शब्दांत ‘र’ असल्यामुळे `Cr` वरून काही निष्कर्ष निघत नाही. ‘डेबिट’ या शब्दात मात्र ‘र’ कोठेच नाही. लुका पाचोली यांच्या व्हेनिस येथे १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे जे विवेचन आहे, ते इटालियन भाषेत असून तेथील खात्यांत ‘द्यावयाचे आहे’ आणि ‘मिळावयाचे आहे’ अशा अर्थाचे शब्द येतात. हे संक्षेप तेथून सरळ आलेले दिसत नाहीत. एक मत असे की, ते लॅटिन क्रियापदांच्या पहिल्या व शेवटच्या भागांतून आले. दुसरे मत असे की, सोळाव्या शतकातील इंग्रजी हिशेबपुस्तकांत ‘ऋणको’ व ‘धनको’ या अर्थाचे जे शब्द रूढ झाले, त्यांचे हे आखूड रूप आहे. दुसरे मत अधिक पटते, कारण जुनी खाती बहुतांशी व्यक्तींच्या नावे असत आणि त्या व्यक्तीला ‘अमुकाचा ऋणको’ म्हणणे स्वाभाविक होते. मराठीतील ‘नावे’ या शब्दालाही ‘त्याच्या नावावर टाकलेले’ अशीच छटा आहे. यामुळे वाचकाच्या कामात एक सोय होते : व्यक्तीच्या खात्यात `Dr` म्हणजे ती व्यक्ती खातेवही ठेवणाऱ्याला देणे लागते, आणि `Cr` म्हणजे तिचेच खातेवही ठेवणाऱ्याकडे येणे आहे.

वाचनाची पद्धत साधी आहे. `Dr` शिल्लक अधिक व `Cr` शिल्लक उणे मानावी. मग मागील शिल्लक अधिक नावे रक्कम वजा जमा रक्कम म्हणजे नवी शिल्लक. उत्तर उणे आले की त्याचे चिन्ह काढून पुढे `Cr` लिहावे. शिल्लक शून्य झाली तर प्रत्यय नसतो, आणि ती शून्य ओलांडते तेथे प्रत्यय बदलतो. याच ओळीवर चुका सर्वाधिक होतात. पुढील उदाहरण विक्रेत्याच्या वहीतील एका ग्राहकाच्या खात्याचे आहे; छायाचित्रात तिसऱ्या नोंदीचा प्रत्यय पुसट झाला आहे.

| तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | | | १२,४०० `Dr` |
| विक्री | ८,६५० | | २१,०५० `Dr` |
| रक्कम मिळाली | | २५,००० | ३,९५० ? |
| विक्री परत | | १,३०० | ५,२५० `Cr` |
| विक्री | ९,७८० | | ४,५३० `Dr` |
| रक्कम मिळाली | | २,००० | २,५३० `Dr` |

पुसट प्रत्यय ठरवण्यासाठी छायाचित्र मोठे करून डोळे ताणण्यापेक्षा शेजारच्या ओळी पाहणे अधिक खात्रीचे. २१,०५० मधून २५,००० वजा केले की ३,९५० ची `Cr` शिल्लक राहते. हे खरे असेल तर पुढच्या १,३०० जमेने ती वाढून ५,२५० व्हायला हवी, आणि वहीत तसेच आहे. ती `Dr` असती तर पुढची शिल्लक २,६५० आली असती. पाचव्या नोंदीतही हाच विचार उपयोगी पडतो : ५,२५० `Cr` पासून ४,५३० `Dr` पर्यंत जायला ९,७८० लागतात, पण दोन्ही शिलका एकाच बाजूच्या असत्या तर ७२० पुरे झाले असते. म्हणजे नावे रकाना नीट दिसत असेल तर प्रत्यय, आणि प्रत्यय नीट दिसत असतील तर रक्कम, असे एकावरून दुसरे ठरवता येते. दोन्ही दिसत नसतील तर मात्र मूळ पान मागवावे. तर्काने भरलेला आकडा वाचलेला आकडा म्हणून नोंदवू नये.

ओळवार पडताळणीनंतर एकूण बेरीज घ्यावी. वरील खात्यात नावे बाजूची बेरीज १८,४३०, जमा बाजूची २८,३००. १२,४०० अधिक १८,४३० वजा २८,३०० म्हणजे २,५३०, अर्थात `Dr`. मेळ न बसल्यास तफावतीच्या आकड्यावरून चुकीची जात बऱ्याचदा कळते. ८,६५० ऐवजी ८,५६० वाचले गेले तर फरक ९० येतो. शेजारचे दोन अंक उलटे झाले की फरक नेहमी ९ ने भागला जातो. तफावत ५, ५०, ५०० अशी असेल तर ३ आणि ८ या अंकांची गल्लत शोधावी, आणि ६, ६०, ६०० अशी असेल तर १ आणि ७ यांची. नोंद उलट्या रकान्यात वाचली गेली असेल तर तफावत त्या रकमेच्या दुप्पट येते, म्हणून तिचे अर्धे करून तो आकडा खात्यात शोधावा. वहीच्या शिवणीकडे पान वळलेले असते. तेथील रकाने एकमेकांत सरकल्यासारखे दिसतात आणि अशी अदलाबदल तेथेच अधिक होते.

दोन बाजूंच्या जुन्या धाटणीच्या खात्यात आणखी एक फसगत संभवते. तेथे खाते बंद करताना नावे शिल्लक जमा बाजूला लिहून दोन्ही बाजू सारख्या करतात, आणि पुढील काळासाठी ती पुन्हा नावे बाजूला आणतात. छायाचित्रात फक्त खालचा भाग आला असेल, तर पुढे नेलेली ती शिल्लक खरी जमा नोंद समजून वजा केली जाते. दोन पाने असतील तर पहिल्या पानाची शेवटची शिल्लक आणि दुसऱ्या पानाची ‘मागील पानावरून’ ही ओळ प्रत्ययासह जुळते की नाही, हे आधी पाहावे. जुळत नसेल तर मधले पान गहाळ असण्याची शक्यता असते.

अखेरच्या शिलकेविषयी दुसऱ्या पक्षाशी मेळ घालताना प्रत्यय उलटे असणेच योग्य, कारण विक्रेत्याच्या वहीतील `Dr` ग्राहकाच्या वहीत `Cr` असते. दोघांकडे २,५३० `Dr` असे दिसले तर आकडे सारखे असूनही मेळ बसलेला नसतो. खरी तफावत ५,०६० ची असते. ग्राहकाच्या वहीत १,१३० `Cr` निघाली तर फरक १,४०० चा, आणि तो बहुधा ग्राहकाने अखेरच्या दिवशी पाठवलेल्या, पण विक्रेत्याला न पोहोचलेल्या रकमेचा असू शकतो. अशा वेळी कोणाचीही शिल्लक न खोडता मेळपत्रकात १,४०० ‘मार्गस्थ रक्कम’ म्हणून दाखवतात आणि ती पुढील काळात खरोखर जमा झाली का, ते तपासतात. दोघांनीही एकच व्यवहार लिहायचे राहून गेले असेल, तर कोणताही मेळ त्याचा सुगावा देत नाही.