बॅरिसेंट्रिक सूत्र एक नाही, दोन आहेत

बहुपदी अंतर्वेशनाची चर्चा निघाली की ‘बॅरिसेंट्रिक सूत्र वापरा’ असे सहज सांगितले जाते. कोणते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या एका नावाखाली दोन वेगळी सूत्रे आहेत आणि एकाचे भार उचलून दुसऱ्यात घातलेला, किंवा एकासाठी पुरेशी असलेली चाचणी दुसऱ्यावर चालवून ‘तपासला’ म्हणून शिक्का मारलेला कोड माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे, की ही दोन सूत्रे एकदा नीट शेजारी ठेवावीत असे वाटले.

लॅग्रांजचे सूत्र वाचकाला माहीत आहेच. `n+1` नोड, त्यांवरच्या किमती `f_j` आणि प्रत्येक नोडचे एक मूलभूत बहुपद. त्या बहुपदांमधून `x` वर अवलंबून असलेला समाईक भाग बाहेर काढला, की नोडच्या परस्पर अंतरांवरच अवलंबून असलेला एक आकडा प्रत्येक नोडपाशी उरतो. तोच त्या नोडचा भार.

```
w_j  = 1 / Π (x_j - x_k),   k ≠ j
L(x) = Π (x - x_k)

पहिले:  p(x) = L(x) · Σ w_j f_j / (x - x_j)
दुसरे:  p(x) = Σ w_j f_j / (x - x_j)  ÷  Σ w_j / (x - x_j)
```

दुसरे सूत्र पहिल्यातूनच निघते. सगळ्या किमती १ धरल्या तर बहुपदही १ असते, म्हणून `L(x)` हा खालच्या बेरजेचा व्यस्त आहे, आणि `L(x)` च्या जागी त्या बेरजेने भागले की दुसरे सूत्र हाती येते. खर्चाच्या बाबतीत दोघांत काही फरक नाही. भार काढायला एकदाच `n²` च्या पटीत क्रिया लागतात, पुढे प्रत्येक `x` साठी `n` च्या पटीत. भारांचा `f` शी संबंध नसल्यामुळे त्याच नोडवर दुसरे फलन आले तरी ते पुन्हा काढावे लागत नाहीत. इथवर गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो भार चुकल्यावर काय घडते या मुद्द्यावर. पहिल्या सूत्रात भार चुकले तर उत्तर नोडवरच चुकते. दुसऱ्या सूत्रात भार कितीही चुकले, फक्त शून्य नसले, तरी उत्तर प्रत्येक नोडवर अगदी बरोबर येते. कारण साधे आहे. `x` एखाद्या नोडच्या जवळ गेला की अंशात आणि छेदात त्याच नोडचे पद इतरांपेक्षा प्रचंड मोठे होते, दोन्हीकडचा `w_j` एकमेकांना खातो आणि उरतो तो `f_j`. म्हणजे चुकीच्या भारांनिशी काढलेला आलेखही सगळ्या बिंदूंतून बिनचूक जातो. फक्त तो आता बहुपदाचा आलेख नसतो, एका परिमेय फलनाचा असतो.

हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. नोड −१, ० आणि १ घ्या, फलन `x²`, म्हणजे किमती १, ०, १. खरे भार १/२, −१, १/२. आता `x` = ०.५ ठेवा. `w_j/(x − x_j)` ही तीन पदे १/३, −२ आणि −१ येतात. छेद −८/३, अंश १/३ − १ म्हणजे −२/३, आणि भागाकार ०.२५. हे बरोबर आहे. पहिल्या सूत्राने `L` = १.५ × ०.५ × (−०.५) = −०.३७५, त्याला −२/३ ने गुणले की पुन्हा ०.२५.

आता नेहमी होणारी चूक करू. हे तीन नोड चेबिशेव्हचे दुसऱ्या प्रकारचे नोड आहेत, आणि त्यांचे भार ‘एकाआड एक चिन्ह बदलणारे १, फक्त दोन टोकांना अर्धे’ असे लक्षात ठेवतात. त्यातले ‘टोकांना अर्धे’ विसरून १, −१, १ असे भार घातले, तर पदे २/३, −२, −२ होतात, छेद −१०/३, अंश −४/३ आणि दुसऱ्या सूत्राचे उत्तर ०.४. तिन्ही नोडवर मात्र १, ०, १ तंतोतंत मिळतात, त्यामुळे ‘नोडवर तपासले, बरोबर आहे’ असे म्हणणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. याच चुकीच्या भारांनी पहिले सूत्र `x` = १ च्या जवळ १ ऐवजी २ कडे जाते आणि चूक तिथेच उघडी पडते.

`f(x) = 1` या स्थिर फलनावर चाचणी घेणेही दुसऱ्या सूत्रासाठी निरुपयोगी आहे, कारण तिथे अंश आणि छेद एकच होतात आणि भार कोणतेही असले तरी उत्तर १ येते. `f(x) = x` वर चाचणी घेणे थोडे बरे, पण तेही पुरेसे नाही. ती चाचणी पार होण्यासाठी भारांची बेरीज शून्य असावी एवढी एकच अट लागते. वरच्या उदाहरणात १ − १ + १ ही बेरीज शून्य नाही, म्हणून चूक सापडेल. पण चार नोड घेतले तर १ − १ + १ − १ शून्य होते, आणि टोकांचे अर्धे विसरलेला कोड ही चाचणी दिमाखात पार करतो. सर्वांत मोठ्या घाताचे फलन, म्हणजे `x^n`, नोड सोडून दुसऱ्या ठिकाणी तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी सोपी खूण म्हणजे −१ ते १ या अंतरात `e^x` घ्यावे आणि चेबिशेव्हचे २१ नोड वापरावेत. भार बरोबर असतील तर साधारण १५ अंक जुळतात, टोकांचे अर्धे राहून गेले असेल तर अचूकता एक-दोन अंकांच्या पुढे जात नाही. नोड वाढवले की हीही चूक हळूहळू कमी होत जाते, आणि त्यामुळे ‘अभिसरण होते आहे, जरा मंद आहे इतकेच’ असा समज होतो. गुळगुळीत फलनावर चेबिशेव्ह नोड घेऊनही अभिसरण मंद दिसले, तर फलनाला दोष देण्याआधी भार पाहावेत.

याच्या उलट बाजूची चूक म्हणजे दुसऱ्या सूत्राचे सुटसुटीत भार पहिल्यात घालणे. दुसऱ्या सूत्रात सगळ्या भारांना एकाच संख्येने गुणले तरी काही बिघडत नाही, म्हणूनच चेबिशेव्हचे भार १/२, −१, १, … इतके सोपे लिहिता येतात. पहिल्या सूत्राला खरे भार लागतात आणि ते या सोप्या भारांच्या `2^(n−1)/n` पट असतात. `n` = २ असताना ही पट नेमकी १ येते. त्यामुळे तीन नोडवर तपासलेला कोड निर्दोष वाटतो आणि चौथा नोड घेताच प्रत्येक उत्तर ४/३ ने भागलेले निघते. शिवाय `n` हजाराच्या पुढे गेला की खरे भार दुहेरी अचूकतेच्या कमाल मर्यादेला भिडू लागतात. नोडच्या टप्प्यातच अंतर्वेशन करायचे असेल आणि नोड चेबिशेव्हचे असतील, तर दुसरे सूत्रच वापरावे, यात मला शंका नाही.

तरीही दुसरे सूत्र सगळीकडे चालत नाही. नोडच्या टप्प्याबाहेर, म्हणजे बहिर्वेशनासाठी, पहिलेच घ्यावे. तेच तीन नोड, किमती १, −१, १ आणि `x` = १० घ्या. बहुपद `2x² − 1` आहे, म्हणून खरे उत्तर १९९. आता प्रत्येक पायरीला तीनच सार्थ अंक ठेवून हिशेब करू. तीन पदे ०.०४५५, −०.१०० आणि ०.०५५६. अंशात किमतींमुळे सगळी पदे एकाच चिन्हाची होतात आणि बेरीज ०.२०२ येते. छेदात मात्र ती एकमेकांना खातात आणि ०.००११ एवढेच उरते, खरी किंमत ०.००१०१ असताना. पहिल्या सूत्रात `L` = ११ × १० × ९ = ९९०, त्यामुळे उत्तर ९९० × ०.२०२, म्हणजे २००. दुसऱ्यात ०.२०२ ÷ ०.००११, म्हणजे १८४. छेदाची बेरीज ही मुळात १/`L(x)` आहे. `x` जितका दूर आणि नोड जितके जास्त, तितकी ती पदांच्या मानाने लहान होत जाते आणि तिचे सार्थ अंक राउंडिंगमध्ये वाहून जातात. पहिले सूत्र तीच राशी गुणाकाराने काढते आणि गुणाकारात असे काही गमावले जात नाही.

अनेकांना भीती वाटते ती भलत्याच ठिकाणची. `x` नोडच्या अगदी जवळ आला की भागाकार प्रचंड होतो, म्हणून लोक `abs(x - xj) < 1e-8` अशी अट घालून `f_j` परत करतात. हे करू नये. त्या मोठ्या पदात जी काही चूक असेल ती अंशात आणि छेदात सारखीच असते आणि भागाकारात निघून जाते. अट घातल्यामुळे मात्र नोडभोवती आलेख सपाट होतो आणि उपलब्ध सोळा अंकांपैकी जवळपास निम्मे आपण हाताने टाकून देतो. फक्त तंतोतंत बरोबरी तपासणे पुरेसे आहे.

```python
def bary2(x, xs, fs, ws):
    num = den = 0.0
    for xj, fj, wj in zip(xs, fs, ws):
        if x == xj:
            return fj
        t = wj / (x - xj)
        num += t * fj
        den += t
    return num / den
```

एक गोष्ट या दोघांपैकी कोणत्याच सूत्राच्या हातात नाही. नोड समान अंतरावर असतील तर भार चिन्ह बदलणाऱ्या द्विपद गुणकांसारखे असतात. `n` = २० असताना मधला भार टोकाच्या १,८४,७५६ पट होतो आणि टोकांजवळ बहुपद हेलकावे खाते. गणितज्ञ निकोलस हायअम यांनी २००४ मध्ये दाखवले की पहिले सूत्र नोड कसेही असले तरी स्थिर राहते, म्हणजे त्याचे उत्तर हे किंचित बदललेल्या किमतींचे खरे उत्तर असते. दुसऱ्याची तशी हमी नोड चांगले असतानाच मिळते. पण किमतींतला किंचित बदलच जिथे हजारो पट वाढतो, तिथे स्थिर सूत्रही तोच वाढलेला बदल इमानदारीने हाती देईल. अशा वेळी सूत्र बदलून काही साधणार नाही, नोड बदलावे लागतील.