चढ आणि जिना: नितंब आणि पोटऱ्यांना कोण किती राबवतं?

चढावर चालणं आणि जिना चढणं या दोन गोष्टी बहुतेक जण एकाच मापाने मोजतात. दोन्हींत शरीर वर जातं आणि दोन्ही सपाट चालण्यापेक्षा जड जातात, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण पोटऱ्यांचं गणित चढावर वेगळं असतं आणि जिन्यावर वेगळं.

आधी सपाट रस्ता पाहू. चालताना दर पावलाला शरीर साधारण ४-५ सेंटीमीटर वर उचललं जातं आणि लगेच तितकंच खाली येतं. खाली येताना मिळालेल्या वेगातला बराचसा भाग पुढच्या पावलाला पुन्हा वर जायला उपयोगी पडतो, उलटा धरलेला लंबक झुलावा तसा. त्यामुळे स्नायूंना पदरचं फार घालावं लागत नाही. नितंबाचा मोठा स्नायू, ग्लूटिअस मॅक्सिमस, अशा वेळी बराचसा आरामात असतो: टाच टेकली की धड पुढे झुकू नये म्हणून क्षणभर आवळतो आणि सैल पडतो. पोटरी चवड्याने मागे रेटा देते खरी, पण त्यातला मोठा वाटा टाचेमागच्या अकिलीस टेंडनचा असतो. शरीर पावलावरून पुढे सरकताना ते ताणलं जातं आणि टाच उचलताना तो ताण परत देतं. पोटरीच्या तंतूंना स्वतः फारसं आखडावं लागत नाही.

वर जाताना ही परतफेड बंद होते. कमावलेली उंची खाली येऊन वेग देत नाही. ती तशीच राहते आणि तिची पूर्ण किंमत स्नायूंनी मोजायची असते. ६० किलोचा माणूस १७ सेंटीमीटर उंचीची एक पायरी चढला की सुमारे १०० ज्यूल काम होतं. तोच माणूस १० टक्के चढावर ६५ सेंटीमीटरचं पाऊल टाकतो तेव्हा तो साडेसहा सेंटीमीटर वर जातो, म्हणजे सुमारे ३८ ज्यूल. तीन मीटर उंची गाठायला जिन्यावर १८ पायऱ्या लागतात, चढावर ४६ पावलं. एकूण काम जवळपास सारखंच, पण जिना ते थोड्या, मोठ्या हप्त्यांत वसूल करतो.

हा मोठा हप्ता कोण भरतं? पायरीवर ठेवलेल्या पायाचा खुबा आणि गुडघा दोन्ही बरेच वाकलेले असतात. तिथून सरळ होत सगळं वजन उचलायचं, म्हणजे गुडघ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू आणि खुब्यासाठी नितंब. खरं सांगायचं तर साध्या जिन्यावर सगळ्यात जास्त राबते ती मांडीच. ‘जिना म्हणजे नितंबांचा व्यायाम’ हे अर्धंच खरं आहे. कंबरेत न वाकता धड खुब्यातून किंचित पुढे झुकवलं, तर वजन खुब्याच्या पुढे जातं आणि नितंबाला जास्त ओढावं लागतं. एक पायरी सोडून चढलं तरी तेच होतं. उलट कठड्यावर भार टाकला की दोघांचीही सुटका होते.

पोटरीची गोष्ट निराळी. पायरी आडवी सपाट असते, त्यामुळे पूर्ण पाऊल ठेवलं तर घोट्याला विशेष वाकावं लागत नाही. मागचा पाय रेटा देतो तेवढंच पोटरीचं काम. चढावर मात्र पाऊलच तिरकं टेकतं. घोटा जास्त वाकतो, पोटरी आधीच ताणलेली असते आणि त्या अवस्थेतून तिला शरीर वर ढकलायचं असतं. इथे टेंडनची परतफेड पुरत नाही, तंतूंना खरोखर आखडावं लागतं. नितंबाचं कामही चढ वाढेल तसं वाढत जातं.

जिन्यावरही पोटऱ्या भरून येत असतील तर पाऊल पाहा. टाच पायरीबाहेर लोंबत असेल तर सगळं वजन चवड्यावर येतं. चवडा घोट्याच्या १२ सेंटीमीटर पुढे आणि टेंडन ५ सेंटीमीटर मागे धरलं, तर ६० किलोच्या माणसाच्या टेंडनवर सुमारे १४५ किलोचा ओढा पडतो. टाच पायरीवर टेकवली की तो लगेच घटतो.

दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग ठणकत असेल, तर दोष बहुधा उतरण्याचा असतो. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि ते दुखणं चढण्यापेक्षा जास्त असतं. पण पोटरी दर वेळी ठरावीक अंतरावर आवळत असेल, चढावर त्याहून लवकर, आणि उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी होत असेल, तर तो थकवा नसून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी व्यायाम वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावं.