सैद्धांतिक चौकटीची पारख (प्रबंध-परीक्षण)

सैद्धांतिक चौकटीची पारख : पीएच.डी.च्या प्रबंधात ‘सैद्धांतिक चौकट’ या शीर्षकाखाली ज्या विचारवंतांची आणि संकल्पनांची मांडणी केलेली असते, ती पुढच्या विश्लेषणात खरोखर कामाला लावली आहे की केवळ नावांची आरास म्हणून उभी आहे, हे ठरवण्याची परीक्षण-पद्धत. मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक आणि स्वतःचाच मसुदा पुन्हा वाचणारा संशोधक अशा तिघांनाही तिची गरज पडते. चौकटीचा खरेपणा तिच्या स्वतःच्या प्रकरणात कळत नाही, हे या पद्धतीचे मूळ गृहीत आहे. दुसरे प्रकरण कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी निकाल चौथ्या-पाचव्या प्रकरणात, म्हणजे जिथे माहितीचा अर्थ लावला जातो तिथे लागतो. म्हणून अनुभवी परीक्षक चौकटीचे प्रकरण वाचून थांबत नाही. तिथल्या मुख्य संकल्पना एका कागदावर लिहून घेऊन तो थेट विश्लेषणाकडे जातो.

शिक्षणाच्या समाजशास्त्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांच्या संकल्पनांबाबत. घरातून मिळालेली भाषा, वळण, पुस्तके आणि पदव्या शाळेच्या बाजारात नाण्यासारख्या चालतात, या अर्थाने त्यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ हा शब्द वापरला. 1986 साली इंग्रजीत आलेल्या लेखात त्यांनी या भांडवलाच्या तीन अवस्था सांगितल्या: अंगात मुरलेले, वस्तूंच्या रूपातले आणि संस्थेने प्रमाणित केलेले. त्याच्या जोडीला ‘हॅबिटस’, म्हणजे लहानपणापासून अंगवळणी पडलेली जगाकडे पाहण्याची व वागण्याची ठेवण, आणि ‘क्षेत्र’, म्हणजे ज्या रिंगणात एखाद्या भांडवलाला किंमत येते ते, या दोन संकल्पना येतात. या तिन्ही एकमेकींना बांधलेल्या आहेत. क्षेत्र न सांगता भांडवल सांगणे म्हणजे बाजार न सांगता भाव सांगणे. 2004 साली ब्रिटिश संशोधक डायन रे यांनी शैक्षणिक संशोधनातल्या ‘हॅबिटस’च्या सवयीने होणाऱ्या वापरावर टीका केली. शब्दाने विश्लेषणात काही काम करण्याऐवजी तो माहितीवर वरून पांघरला जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लॅरो आणि एलियट वाइनिंगर यांनी दाखवून दिले होते की इंग्रजीतल्या बऱ्याच अभ्यासांनी सांस्कृतिक भांडवल म्हणजे नाटक, संगीत, संग्रहालये अशी ‘उच्च अभिरुची’ एवढाच अर्थ धरला. शाळेने लावलेल्या निकषांना आपल्या बाजूने वळवण्याची कुटुंबाची क्षमता हा मूळ मुद्दा त्यात निसटला.

पारख कशी होते हे एका कल्पित प्रबंधावरून नीट दिसते. समजा, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या तीस विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर एक प्रबंध आहे. दुसऱ्या प्रकरणात फुले, आंबेडकर, मार्क्स, बोर्द्यू आणि फूको यांच्यावर मिळून बावीस पाने आहेत. पाचव्या प्रकरणाची उपशीर्षके आहेत: ‘आर्थिक अडचणी’, ‘इंग्रजीची भीती’, ‘घरचा पाठिंबा’ आणि ‘शिक्षकांचे सहकार्य’. परीक्षक इथे पहिली कसोटी लावतो ती वगळण्याची: दुसरे प्रकरण अख्खे काढून टाकले तर पाचव्यातले एखादे वाक्य बदलेल का? ही उपशीर्षके बोर्द्यूंचे नावही न ऐकलेल्या माणसाने सहज काढली असती. म्हणजे माहितीची वर्गवारी चौकटीतून आलेली नाही, प्रश्नावलीतून जशीच्या तशी उतरली आहे.

संगणकावर शब्द शोधून पाहण्याची युक्ती इथे प्राथमिक अंदाजाला उपयोगी पडते. ‘सांस्कृतिक भांडवल’ हा शब्द दुसऱ्या प्रकरणात चाळीस वेळा, पाचव्यात दोनदा आणि समारोपात पुन्हा पाच वेळा आला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण निव्वळ मोजणीवर निकाल देऊ नये. हल्ली संशोधकांना ही कसोटी माहीत असते आणि शब्द पाचव्या प्रकरणात नंतर पेरले जातात. तेव्हा पाहायचे ते शब्द वाक्यात कुठे बसला आहे हे. परिच्छेदाच्या शेवटी ‘यावरून सांस्कृतिक भांडवलाचा अभाव दिसून येतो’ असे वाक्य येत असेल आणि ते पुसल्यावर परिच्छेद तसाच उभा राहत असेल, तर तो शब्द केवळ शिक्क्यासारखा मारलेला आहे.

याच प्रबंधातली एक मुलाखत घेऊ. प्रकल्प-अहवाल वेळेत पूर्ण झाला नाही तेव्हा मुदतवाढ मागितली का, या प्रश्नावर एक विद्यार्थिनी सांगते, “सरांना असं कसं विचारायचं? दिलेल्या तारखेला दिला नाही तर चूक माझीच ना.” सजावटी प्रबंध हे वाक्य ‘आत्मविश्वासाचा अभाव’ या खात्यात टाकतो आणि खाली बोर्द्यूंचा हवाला जोडतो. आत्मविश्वास हा व्यक्तीचा गुण झाला. बोर्द्यूंचे म्हणणे तर नेमके याच्या उलट आहे, त्यामुळे हवाला आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. चौकट कामाला लावणारा संशोधक विचारेल: या महाविद्यालयात मुदतवाढ खरोखर मिळते का? मिळत असेल तर कोणाला आणि कशी? विभागात एक अलिखित नियम आहे, तो शिक्षकांच्या घरातल्या मुलांना ठाऊक आहे आणि या मुलीला नाही, असे आढळले तर मुद्दा तिच्या धीटपणाचा उरत नाही. जे ज्ञान कुठेही शिकवले जात नाही त्यावर संस्था गुण देते, हा मुद्दा होतो. आता संशोधकाला शिक्षकांच्याही मुलाखती घ्याव्या लागतात, मुदतवाढीच्या नोंदी पाहाव्या लागतात. चौकटीने संशोधकाला आधी ठरवले नव्हते ते काम करायला भाग पाडले. खऱ्या वापराची याहून भरवशाची खूण क्वचितच सापडते.

दुसरा विद्यार्थी घ्या. त्याचे वडील ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या टेबलावर आधी जायचे, हे त्याला पाठ आहे. वर्गातली निम्मी मुले त्याच्याकडून अर्ज भरून घेतात. तोच मुलगा चर्चासत्रात मात्र गप्प बसतो. ‘घरचा पाठिंबा’ या एका खात्यात त्याची नोंद केली तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. क्षेत्राची संकल्पना हातात असलेला संशोधक ते खाते फोडतो: कार्यालयाच्या खिडकीवर चालणारे ज्ञान आणि चर्चासत्रात चालणारे ज्ञान. घर तेच, वडील तेच, पण एका रिंगणात भांडवल चालते, दुसऱ्यात चालत नाही. असे खाते फोडले गेले आहे का, एकत्र केले गेले आहे का, नवीन निर्माण झाले आहे का, हे परीक्षकाने प्रबंधाच्या परिशिष्टातल्या संकेत-सूचीत, म्हणजे मुलाखतींच्या वर्गवारीसाठी वापरलेल्या खात्यांच्या यादीत, शोधावे. तिथे चौकटीचा मागमूसही नसेल तर दुसऱ्या प्रकरणाची बावीस पाने वाया गेली आहेत.

नावांची गर्दी ही स्वतंत्र अडचण आहे, कारण दोन सिद्धांत शेजारी मांडले की त्यांच्यातले भांडण लपते. बोर्द्यूंबरोबर रेमों बुदों यांचे नाव अनेकदा एकाच वाक्यात येते. दोघेही फ्रेंच, दोघांचाही विषय शैक्षणिक विषमता, म्हणून ते एकाच बाजूचे वाटतात. बुदों यांचे म्हणणे असे, की सारखेच गुण असलेली मुलेही वेगवेगळे मार्ग निवडतात, कारण प्रत्येक कुटुंब आपल्या पायरीवरून खर्च, धोका आणि फायदा यांचा हिशेब करते. बोर्द्यूंच्या मांडणीत बरेचदा हिशेब करण्याची वेळच येत नाही, ‘ते आपल्यासाठी नाही’ हे आधीच अंगात भिनलेले असते. आता बारावीला चांगले गुण असूनही विज्ञान सोडून कला शाखेकडे वळलेला विद्यार्थी काय सांगतो ते पाहावे. “तीन वर्षं लॅबची फी, शहरात खोली, आणि नोकरीची खात्री नाही” हे बुदोंच्या बाजूचे उत्तर आहे. “सायन्सला आपल्यातलं कोण जातं?” हे बोर्द्यूंच्या बाजूचे. प्रबंधाने दोघांची नावे घेतली असतील, तर या दोन प्रकारच्या उत्तरांचा निवाडा त्यात असायलाच हवा. तो नसेल तर दोन्ही नावे शोभेची आहेत. सगळ्या उत्तरांना सारखीच लागू पडणारी चौकट कशाचेच स्पष्टीकरण देत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रबंधांत आपल्याच विचारवंतांचीही अशी सजावट होते, आणि ती अधिक खटकते, कारण तिथे आदराच्या आडून आळस खपून जातो. पहिल्या परिच्छेदात फुले-आंबेडकरांना अभिवादन होते आणि नंतर त्यांच्याकडे कोणी वळत नाही. वास्तविक महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तपासून पाहता येईल असे विधान आहे: वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर सरकारने केलेला खर्च खाली झिरपत नाही. डॉ. आंबेडकरांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पनाही तितकीच कामाची आहे. वर जाताना वाढता आदर आणि खाली येताना वाढता तिरस्कार, अशा उतरंडीत प्रत्येक पायरीला आपल्याखाली कोणीतरी दिसते, त्यामुळे एकजूट अवघड होते.

आपल्या कल्पित प्रबंधात ही संकल्पना जिथे बोर्द्यू अपुरे पडतात तिथे लागते. समजा, एक विद्यार्थिनी सांगते की चर्चासत्रात ती बोलत होती, उत्तरेही देत होती, पण आडनाव कळल्यावर शिक्षकांचा सूर बदलला. तिच्याकडे भांडवल आहे आणि क्षेत्रातही ते चालत होते, तरी ते नाकारले गेले. फ्रान्समधल्या वर्गरचनेवर घडलेली मांडणी इथे ताणून बसवली तर ‘अभाव’ पुन्हा मुलीच्याच माथी येतो. चौकटीशी प्रामाणिक असलेला संशोधक इथे थांबून लिहितो की ही माहिती माझ्या चौकटीत बसत नाही. मग तो चौकट दुरुस्त करतो किंवा दुसरी आणून दोघींच्या हद्दी आखतो. परीक्षकाने पाचव्या प्रकरणात असे एक तरी ठिकाण शोधावे, जिथे माहितीने सिद्धांताला अडवले आहे. तीसच्या तीस मुलाखती बिनतक्रार बोर्द्यूंना दुजोरा देत असतील, तर मुलाखती निवडून घेतल्या असाव्यात किंवा संकल्पना इतकी सैल केली असावी की तिच्यात काहीही मावेल.

या पारखीला मर्यादा आहेत. चौकट माहिती गोळा केल्यानंतर लिहिली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मुलाखतींनीच संशोधकाला एखाद्या संकल्पनेकडे नेले असेल तर ते उलट चांगले, फक्त तसे सांगितलेले हवे. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 साली मांडलेल्या, माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याच्या पद्धतीत आधी चौकट मागणेच चुकीचे आहे. अशा प्रबंधावर विद्यापीठाच्या आराखड्यात रकाना आहे म्हणून चौकटीचे प्रकरण लादले की सजावटच हाती येते. संशोधन-आराखडा मंजूर होताना जास्त नावे असलेला भरीव दिसतो आणि नंतर ती काढण्याचे धाडस होत नाही. नावांच्या गर्दीचे हे अगदी साधे कारण अनेक ठिकाणी असते, म्हणून त्याला लबाडी म्हणण्याआधी परीक्षकाने ही शक्यता धरावी.

तोंडी परीक्षेत विचारायचा प्रश्न ‘बोर्द्यू यांचा सिद्धांत सांगा’ हा नव्हे. त्याचे उत्तर पाठ करून येता येते. ‘या चौकटीमुळे तुम्ही कोणती मुलाखत पुन्हा वाचलीत आणि तिचा अर्थ बदलला?’ असे विचारले की काम केलेला विद्यार्थी मुलाखतीचा क्रमांक सांगतो. उत्तर आले नाही तर अहवालात नेमकी दुरुस्ती लिहावी: दुसऱ्या प्रकरणात न वापरलेल्या विचारवंतांची पाने काढावीत, एक किंवा दोन संकल्पना ठेवून त्यांची व्याख्या या अभ्यासापुरती लिहावी आणि ‘इंग्रजीची भीती’ व ‘घरचा पाठिंबा’ ही दोन उपशीर्षके त्या संकल्पनांच्या आधारे मुलाखतींवरून पुन्हा लिहावीत. ‘चौकट अधिक सखोल करावी’ असा मोघम शेरा दिला तर पुढच्या मसुद्यात आणखी तीन नावे वाढून येतात.