'अँग्री ऑन मी' असे का लिहिले जाते?

लातूर, बीड, परभणी या पट्ट्यातील माध्यमिक शाळांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य हमखास समोर येते: 'माय फादर इज अँग्री ऑन मी.' यात काळ बरोबर असतो, क्रियापद बरोबर असते, स्पेलिंगही बहुधा बरोबर असते. चुकलेला असतो तो फक्त 'ऑन' हा दोन अक्षरी शब्द, कारण तिथे 'विथ' हवा असतो. शिक्षक लाल शाईने खूण करतात, विद्यार्थी दुरुस्ती लिहून काढतो आणि पुढच्या निबंधात 'ऑन' पुन्हा हजर होतो. या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. लिहिणारा एक नियम अगदी काटेकोरपणे पाळत असतो. तो नियम मराठीचा असतो, एवढेच.

मराठीत राग बहुधा कोणावर तरी असतो. आबा माझ्यावर चिडतात, मास्तर पोरांवर खवळतात, सासू सुनेवर डाफरते, एकाचा राग दुसऱ्यावर निघतो. या सगळ्या वाक्यांत राग हा वरून खाली येणारा भार आहे आणि ज्याच्यावर तो येतो ती व्यक्ती त्या भाराखाली उभी आहे, असे भाषेने एकदा ठरवून टाकलेले आहे. आपण हे शाळेत शिकत नाही; बोलायला लागतो तेव्हाच 'वर' हे शब्दयोगी अव्यय रागाला चिकटून मनात बसते. पुढे इंग्रजी शिकताना 'राग'च्या जागी 'अँग्री' येतो आणि 'वर'च्या जागी, पुस्तक टेबलावर असताना शिकलेला 'ऑन' येतो. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने 1967 साली असे मांडले की, शिकणाऱ्याच्या अशा वारंवार होणाऱ्या चुका म्हणजे त्याच्या मनात त्या घडीला कोणते व्याकरण आकार घेत आहे याचा पुरावाच होय. 'अँग्री ऑन मी' हा असा पुरावा आहे.

मग इंग्रजीने 'विथ' का निवडला असावा? आज 'विथ' म्हटले की सोबत, बरोबर, संगती हेच अर्थ डोळ्यांसमोर येतात, आणि ज्याच्यावर रागावलो त्याच्या सोबतीचा इथे संबंध काय, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्तच आहे. परंतु जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ 'विरुद्ध', 'समोरासमोर' असा होता. तो अर्थ काही ठिकाणी अजून टिकून आहे. 'विथस्टँड' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या विरोधात टिकून उभे राहणे, आणि 'फाइट विथ समवन' या प्रयोगात समोरचा माणूस बहुतेक वेळा प्रतिस्पर्धीच असतो. 'अँग्री विथ'मधला 'विथ' याच कुळातला आहे. मराठीत राग अंगावर येतो, तर इंग्रजीत तो समोरासमोर उभा ठाकतो. हा फरक डोक्यात आला की 'विथ' मनमानी वाटेनासा होतो.

प्रत्येक भावनेचा विषय दाखवण्याची तऱ्हा वेगळी, ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळीच व्याकरणात नोंदली गेली. पाणिनीने अष्टाध्यायीत क्रोधासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे: 'क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः'. रागावणे, द्रोह करणे, मत्सर करणे, दोष काढणे या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्याविषयी कोप आहे ती व्यक्ती संप्रदान ठरते, म्हणजे चतुर्थी घेते. संस्कृतात म्हणून 'देवदत्ताय क्रुध्यति' असे म्हणतात. त्याच ग्रंथात भीतीसाठी मात्र वेगळे सूत्र आहे, 'भीत्रार्थानां भयहेतुः', आणि त्यानुसार ज्याच्यामुळे भय वाटते ते अपादान ठरून पंचमी घेते. चोराला भिणारा माणूस 'चोरात् बिभेति', म्हणजे शब्दशः चोरापासून भितो. भीतीचा उगम जिथे आहे तिथून मन मागे सरते, ही कल्पना त्यामागे आहे.

इंग्रजीतल्या 'अफ्रेड ऑफ'चे मूळ याच कल्पनेला जाऊन भिडते. आज 'ऑफ'चा अर्थ आपण 'चा, ची, चे' असा करतो, पण हा शब्द मुळात 'पासून दूर' या अर्थाचा होता. बत्ती बंद करताना किंवा बसमधून उतरताना जो दुसरा 'ऑफ' वापरतात, तो आणि हा मुळात एकच शब्द. उच्चार आणि स्पेलिंग पुढे वेगळे झाले. शिवाय संस्कृतातला 'अप' हा उपसर्ग आणि इंग्रजीतला हा शब्द एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. 'अपादान' या संज्ञेच्या आरंभी तोच 'अप' आहे. म्हणजे 'अफ्रेड ऑफ स्नेक्स' म्हणणारा इंग्रज आणि 'सर्पात् बिभेति' म्हणणारा संस्कृत पंडित भयाकडे एकाच बाजूने पाहत होते.

मराठवाड्यात इथे आणखी एक गुंता होतो. आपण 'सापाला भितो' म्हणतो, 'सापाची भीती वाटते' म्हणतो आणि खेड्यात 'सापाचं भ्याव वाटतंय' असेही ऐकू येते. यातली 'ची' किंवा 'चं' धरून चालणारा विद्यार्थी आपोआप 'ऑफ'पर्यंत पोहोचतो. परंतु हा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू, दखनी येथील बाजारात, शेजारात आजही रुळलेल्या आहेत. त्या बोलींत 'साँप से डरना' असा प्रयोग आहे. दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या मुलाच्या वहीत म्हणून 'अफ्रेड फ्रॉम स्नेक' असे वाक्य दिसले, तर त्यामागे 'से' आहे हे शिक्षकाने ओळखावे. 'ऑन' लिहिणारा आणि 'फ्रॉम' लिहिणारा यांना एकच समजावणी पुरत नाही, कारण दोन चुकांची घरे वेगळी आहेत.

आता रागाचेच एक पूर्ण वाक्य घेऊ. रात्रपाळीची वीज आली, पोराने विहिरीवरची मोटर चालू केली आणि तसाच झोपी गेला. सकाळी विहीर तळाला गेलेली. मराठीत आपण म्हणू: 'मोटर चालू ठेवली म्हणून आबा माझ्यावर चिडले.' या वाक्यात रागाला दोन टोके आहेत, एक माणूस आणि एक कारण. इंग्रजीत ही दोन टोके वेगवेगळ्या शब्दांनी बांधावी लागतात. माणसासाठी 'विथ' आणि केलेल्या कृतीसाठी 'फॉर', त्यामुळे वाक्य होते: 'आबा वॉज अँग्री विथ मी फॉर लीव्हिंग द पंप ऑन.' राग पोरावर नसून घडल्या प्रकाराबद्दल असेल, तर 'अँग्री अबाउट द पंप' म्हणायचे. अमेरिकी इंग्रजीत माणसासाठीही 'अँग्री ॲट मी' पुष्कळ चालते, तेव्हा 'ॲट' दिसला म्हणून लगेच खोडू नये. 'ऑन' मात्र कोठेच चालत नाही. विशेष म्हणजे भाराची कल्पना इंग्रजीला परकी नाही. 'ही वॉज हार्ड ऑन मी' हे वाक्य शुद्ध आहे, कारण तिथे कडक वागणुकीचा भार खरोखर एकावर पडतो आहे. इंग्रजीने रागाला त्या रांगेत बसवलेले नाही, इतकेच. शब्दाचा इतिहास कळल्याने जोडी पटते, पण न ऐकलेली जोडी केवळ तर्काने ठरवता येत नाही, ही मर्यादा इथे लक्षात ठेवावी लागते.

तथापि सर्वांत खोल फरक शब्दाच्या निवडीत नसून त्याच्या जागेत आहे, आणि तो प्रश्न विचारताना उघडा पडतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि नाम जाईल तिथे जातो. म्हणून आपण 'कोणावर चिडलास?', 'कशाची भीती वाटते?' असे विचारतो. प्रश्नार्थक शब्द पुढे आला की 'वर' आणि 'ची' त्याच्याबरोबर पुढे येतात. इंग्रजीत 'हू आर यू अँग्री विथ?' आणि 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' असे म्हणतात. माणूस आणि वस्तू वाक्याच्या सुरुवातीला निघून गेल्या, पण 'विथ' आणि 'ऑफ' आपल्या विशेषणाला धरून मागेच राहिले. 'व्हॉट आर यू अफ्रेड?' अशी अर्धवट वाक्ये आपल्याकडे याच कारणाने होतात: वाक्याच्या शेवटी एकटा उरलेला 'ऑफ' मराठी कानाला अनाथ वाटतो आणि गळून जातो. त्यात भर म्हणजे बोलताना वाक्याच्या मध्ये आलेले 'ऑफ' आणि 'ॲट' हे शब्द बिनजोराचे, जेमतेम 'अव्' आणि 'अट्' इतकेच ऐकू येतात, त्यामुळे नुसते ऐकून ते सुटे पकडता येत नाहीत. वर्गात 'अफ्रेड' हा शब्द फळ्यावर लिहायचा तर तो 'अफ्रेड ऑफ' असाच लिहावा आणि त्याचा पहिला सराव प्रश्नातून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

'गुड ॲट' आणि 'इंटरेस्टेड इन' या जोड्यांना इतका वेळ लागत नाही. आपण 'गणितात हुशार' म्हणतो, त्यामुळे 'गुड इन मॅथ्स' लिहिले जाते आणि ते समजतेही. पण कौशल्यासाठी प्रचलित शब्द 'ॲट' आहे, जो 'लुक ॲट'मध्ये नजर एका बिंदूवर नेतो तोच. माणसे किंवा जनावरे हाताळण्याचे कसब असेल तर 'विथ' येतो: बैलांना नीट वळवणारा गडी 'गुड विथ बुलक्स' असतो. 'इंटरेस्टेड इन'मध्ये 'इन' चुकत नाही, कारण आपणही 'खेळण्यात रस आहे' म्हणतो. चूक होते ती पुढे, 'इंटरेस्टेड इन टू प्ले' अशी. या चुकीवर उपाय मराठीतच आहे. 'खेळणे'ला 'त' लावताना आपण आधी त्याचे सामान्यरूप 'खेळण्या' करतो. तसेच इंग्रजीत 'इन', 'ॲट', 'ऑफ', 'फॉर' यांच्यामागून क्रियापद आले तर त्याला 'इंग' लावून 'प्लेइंग' करावे लागते.

'अफ्रेड'च्या बाबतीत तर मराठी आणखी पुढे मदत करते. गोदावरीला पूर आला आहे आणि नावेत बसायचे आहे. एखादा माणूस नावेत 'बसायला भितो', म्हणजे भीतीमुळे ती कृती करायला धजत नाही. इंग्रजीत तो 'अफ्रेड टू गेट इन' असतो. दुसरा नावेत बसलेला आहे आणि त्याला 'पडण्याची भीती' आहे. पडणे त्याच्या हातात नाही, ते नकळत घडेल, म्हणून तो 'अफ्रेड ऑफ फॉलिंग' असतो. 'बसायला' आणि 'पडण्याची' यांची अदलाबदल आपण मराठीत करत नाही. 'तो पडायला भितो' म्हटले तर त्याला मुद्दाम उडी घ्यायची आहे असे वाटेल, आणि 'अफ्रेड टू फॉल' ऐकणाऱ्या इंग्रजालाही बहुधा तसेच वाटेल. काठावर उभ्या आईची गोष्ट तिसरी: तिला मुलाची भीती नसते, मुलासाठी भीती असते, आणि म्हणून ती 'अफ्रेड फॉर हर सन' असते.