रिटर्न ‘प्रोसेस्ड’, रिफंड ‘फेल्ड’: एकाच स्क्रीनशॉटमधल्या दोन गोष्टी

फोंड्याच्या आमच्या शेजारच्या दादांनी सप्टेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली प्रश्न: “हिचा रिटर्न फेल झाला काय रे? परत भरूया?” आयकराचा हा रिटर्न वहिनींचा होता. स्क्रीनवर वर `Processed with refund due` आणि त्याखाली पाच दिवसांनंतरच्या तारखेचं `Refund Failed`. दादांनी दुसरी ओळ वाचून पहिली रद्द धरली. पण त्या दोन ओळी दोन वेगळ्या कामांबद्दल बोलतात.

पहिलं काम हिशेबाचं. आयकर विभागाचं बेंगळुरूचं रिटर्न तपासणारं केंद्र, म्हणजे सीपीसी, तुम्ही भरलेले आकडे आणि विभागाकडे आलेली टीडीएसची, म्हणजे आधीच कापलेल्या कराची नोंद पडताळून पाहतं आणि कलम १४३(१) ची सूचना ईमेलने पाठवतं. त्या पीडीएफमध्ये दोन रकाने असतात, एकात तुमचे आकडे आणि दुसऱ्यात विभागाने काढलेले. वहिनींच्या सूचनेत दोन्ही जुळत होते, म्हणजे हा भाग संपला.

आता वहिनींना नोकरी नाही, मग रिफंड कसला, असं गोव्याबाहेरचा माणूस विचारेल. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न कलम ५A प्रमाणे निम्मं निम्मं होतं, आणि त्यावरचा टीडीएसही तसाच वाटला जातो. दादांच्या ठेवींवर १,८४,००० रुपये व्याज आलं होतं आणि बँकेने १८,४०० कापले होते. निम्मे ९२,००० वहिनींच्या रिटर्नमध्ये आले, सोबत ९,२०० चा टीडीएस. त्यांचं दुसरं उत्पन्न नाही, कर शून्य, म्हणून अख्खे ९,२०० परत. त्यावर कलम २४४A चं व्याज, महिन्याला अर्धा टक्का, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे २७६. बेरीज ९,४७६, आणि दहाच्या पटीत आणून सूचनेत ९,४८० छापलेले.

दुसरं काम पैसे पोचवण्याचं. रक्कम ठरली की ती सीपीसीकडून रिफंड बँकर म्हणून नेमलेल्या स्टेट बँकेमार्फत तुमच्या बँक खात्याकडे निघते. `Refund Failed` एवढंच सांगतं की रक्कम वाटेत अडली. खातं बंद, आयएफएससी जुना, नाव पॅनशी न जुळणारं, यातलं काहीतरी असतं. सुधारित रिटर्न भरून यातलं काहीच सुटत नाही. उलट प्रोसेस झालेली फाइल विनाकारण पुन्हा रांगेत लागते.

कारण शोधायला आयकर पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये `My Bank Account` उघडलं. तिथे खात्यासमोर व्हॅलिडेशन, म्हणजे खातं तुमचंच असल्याची पडताळणी, फेल, कारण नाव. मग उलगडा झाला. वहिनींनी हे खातं कॉलेजात असताना उघडलेलं, त्यामुळे बँकेत माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे, की मी तरी बाईंचा रिफंड अडला म्हटलं की आधी पासबुकाचं पहिलं पान मागतो. रिटर्न भरताना खातं नुसतं टाइप केलं होतं. ते व्हॅलिडेट झालं नव्हतं, तरी रिटर्न सबमिट झाला होता. घोटाळा इथेच लपून राहतो.

वहिनी लग्नाचा दाखला आणि पॅन घेऊन बँकेत गेल्या, नाव बदललं. मग पोर्टलवर त्याच खात्याला पुन्हा व्हॅलिडेशनला पाठवलं आणि ते हिरवं झालं. दादा म्हणाले, “झालं तर मग, आता येतीलच पैसे.” बहुतेक लोक इथेच थांबतात आणि वाट बघत बसतात. खातं नीट झालं म्हणजे पैसे आपोआप पुन्हा निघत नाहीत, ते मागावे लागतात. त्यासाठी `Services` मध्ये `Refund Reissue` आहे. तिथे नवी विनंती काढायची, अडलेला रिटर्न निवडायचा, व्हॅलिडेट झालेलं खातं निवडायचं आणि आधार ओटीपीने पडताळणी करायची. ओटीपी राहिला तर विनंती अपुरी राहते.

स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या ओळीत `no demand no refund` असतं तर गोष्टच वेगळी होती. मग भांडण हिशेबाशी, आणि तिथे रीइश्यूची विनंती काही कामाची नाही. त्या वेळी १४३(१) च्या दोन रकान्यांत फरक कुठे पडला ते शोधावं लागतं.

रक्कम काही आठवड्यांनी आली, ९,४८० च. दादांना वाटलं होतं की उशिराचं आणखी व्याज मिळेल. पण उशीर आपल्यामुळे झाला असेल तर तेवढे दिवस व्याजात धरत नाहीत.